सायकलचं स्टेम जाम झालंय? आधी जोर नको, आधी फट उघडा

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो, ते काढून टाकलंय. बाकी गप्पा त्याच आहेत. बऱ्याच जणांना हे वाचत वाचत प्रत्यक्ष हात काळे करायचे असतील, म्हणून पायऱ्या जरा सावकाश लिहिल्या आहेत.

विषय असा की सायकलचं हँडल ज्या तुकड्याने पुढच्या चिमट्याला, म्हणजे फोर्कला जोडलेलं असतं, त्या तुकड्याला स्टेम म्हणतात. माझ्या सायकलचं स्टेम फोर्कच्या नळीवर असं घट्ट बसलं होतं, की बोल्ट पूर्ण काढले तरी ते हलेना. तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी मी जवळजवळ फोर्कच वाकवला असता. आणि दुसऱ्या दिवशी छोटीशी आगसुद्धा लागली. सांगतो.

आधी सायकलची गोष्ट

माझं घर राहुरी तालुक्यात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आलो. बाहेर फिरता येत नव्हतं, म्हणून पडवीत सायकल ट्रेनरवर लावली. मागचं चाक स्टँडमध्ये, आणि मी जागच्या जागी रोज तासभर पेडल मारतोय. अंगाला वारा नाही, त्यामुळे घामाच्या धारा. आणि गंमत बघा, माणूस एकाच जागी बसलेला असतो, म्हणून नाकावरून, हनुवटीवरून घाम रोज एकाच ठिकाणी पडतो. ते ठिकाण म्हणजे नेमकं स्टेम.

त्यात मी सायकल धुवायचो बोअरच्या पाण्याने. आमचं पाणी मचूळ, वाळलं की पांढरे डाग राहतात. नंतर ऑफिस सुरू झालं, मी पुण्याला परत गेलो आणि सायकल शेडमध्ये उभी राहिली.

गेल्या दिवाळीत मामेबहीण म्हणाली, "दादा, ती सायकल मला दे ना." ती राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकते. कॅम्पस मोठा, चालून पाय दुखतात. पण ती माझ्यापेक्षा बुटकी. हँडल तिला लांब पडायचं, म्हणजे आखूड स्टेम लावायला हवं. शिवाय हँडल वळवताना आत खर्र खर्र वाजत होतं. बेअरिंग बघायचं तरी स्टेम काढावंच लागतं. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे.

ते चिकटतं कशाने?

फोर्कची एक नळी फ्रेममधून वर येते, तिला स्टीअरर म्हणतात. माझ्या सायकलला ती स्टीलची आहे, बाहेरचा व्यास 28.6 मिलिमीटर. हल्लीच्या बऱ्याच गिअरच्या सायकलींना हेच माप असतं. स्टेम असतं ॲल्युमिनियमचं. ते नळीभोवती कड्यासारखं बसतं, मागे एक उभी फट असते आणि दोन बोल्ट ती फट आवळतात.

आता स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून आहेत आणि मध्ये खारट पाणी आहे. ही झाली बॅटरी. दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी, शाळेत प्रयोग केलाच असेल. या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी पूड तयार होते, आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. स्टीलचा रंग जिथे उडालाय तिथे तांबडा गंज येतो, तोही फुगतो. दोघांना फुगायला जागा कुठे? त्या केसाएवढ्या फटीतच. मग ती पूड आतून पाचरीसारखी बसते.

म्हणून बोल्ट काढूनही स्टेम निघत नाही. आता त्याला बोल्टने धरलेलंच नसतं, पुडीने धरलेलं असतं. हे एकदा कळलं की पुढचं सगळं कळतं. जोर लावल्याने पूड विरघळत नाही. आपल्याला तिच्यासाठी जागा मोकळी करायची आहे.

एक खुलासा. घरातल्या जुन्या काळ्या सायकलचं हँडल असं नसतं. तिथे हँडलचा दांडा नळीच्या आत उतरलेला असतो आणि खालून पाचरीने आवळलेला असतो. आज जे सांगतोय ते बाहेरून कड्यासारख्या बसणाऱ्या स्टेमचं आहे.

पहिला दिवस: चूक

स्टेमच्या डोक्यावर एक गोल झाकण असतं, टॉप कॅप. तिचा बोल्ट 5 मिलिमीटरच्या एलन कीने काढला. बरेच जण हे झाकण विसरतात आणि स्टेम वर का येत नाही म्हणून हैराण होतात. मग मागचे दोन बोल्ट, त्यांना 4 मिलिमीटरची की. एका बोल्टच्या खाचेत माती आणि गंज भरला होता. सुईने कोरून साफ केलं, की हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण आत बसवली आणि मगच फिरवली. की अर्धवट बसलेली असताना फिरवली तर खाच गोल होते, आणि मग एकाऐवजी दोन दुखणी.

बोल्ट निघाले, स्टेम ढिम्म. मग मी सगळे करतात तेच केलं. पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि हँडल पिळलं. थोडं फिरलं! मी खूश. हात सोडला तर हँडल परत जागेवर.

तेवढ्यात मामा आले. ते नगरच्या एमआयडीसीत फिटर होते, आता निवृत्त आहेत. म्हणाले, "अरे, स्प्रिंगसारखं परत येतंय म्हणजे ते सुटत नाहीये. तू चिमटा पिळतोयस."

मामांनी मार्करने एक रेघ मारली, स्टेमच्या वरच्या कडेवरून थेट नळीच्या तोंडापर्यंत. म्हणाले, "आता पीळ. रेघ तुटली तर स्टेम हललं. रेघ सरळ राहिली आणि तरी हँडल फिरलं, तर दुसरं काहीतरी वाकतंय." रेघ सरळच होती. मी थांबलो. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण सुरुवात करण्याआधी ही रेघ माराच.

तेल कुठून जाणार?

मग गंज सोडवणारं पातळ तेल, स्प्रेच्या डब्यात मिळतं ते. मी बाहेरून सगळीकडे फवारलं. मामांनी डोक्याला हात लावला. बाहेरून मारलेलं तेल खाली ओघळतं, रिमवर जातं आणि ब्रेक निकामी करतं. आधी चाकावर प्लास्टिक बांधलं. मग त्यांनी एक जागा दाखवली, जी माझ्या लक्षातच आली नव्हती.

टॉप कॅप काढल्यावर नळीचं तोंड स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा साधारण 3 मिलिमीटर खाली दिसतं. म्हणजे तिथे एक छोटी वाटी तयार होते. त्या वाटीच्या कडेला थेंब थेंब तेल सोडायचं. ते आपोआप नळी आणि स्टेम यांच्यामधून खाली झिरपतं. दुसरी वाट म्हणजे मागची उभी फट. दर दोन तासांनी थोडं तेल, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. मात्र हे तेल पांढरी पूड विरघळवत नाही. ते फक्त घर्षण कमी करतं, तेही आत पोचलं तरच.

दुसरा दिवस: फट उघडली, आणि आग

सकाळी रेघ अजून सरळच. मग खरी युक्ती आली. ज्या बोल्टने फट आवळतो, त्याच बोल्टने ती उघडता येते.

बोल्ट एका बाजूने मोकळ्या भोकातून जातो आणि दुसऱ्या बाजूच्या आट्यांमध्ये बसतो. आम्ही तोच बोल्ट उलट्या बाजूने, म्हणजे आट्यांच्या बाजूने बाहेरून आत फिरवला. त्याचं टोक फटीत बाहेर येतं. समोर असतं मोकळं भोक, त्यात ते घुसू नये म्हणून फटीत हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडचा तुकडा सरकवला. ते पोलाद कडक असतं, बोल्टच्या टोकाने दबत नाही. आता बोल्ट आणखी फिरवला की टोक पट्टीला ढकलतं आणि स्टेमची दोन तोंडं एकमेकांपासून लांब जातात. दोन्ही बोल्टना असंच करायचं.

किती फिरवायचं? हे महत्त्वाचं आहे. हे बोल्ट सहसा एम 5 असतात, एका फेऱ्यात 0.8 मिलिमीटर पुढे जातात. म्हणजे पाव फेरा 0.2 मिलिमीटर. टोक पट्टीला टेकल्यापासून आम्ही वरचा पाव, खालचा पाव, पुन्हा वरचा पाव, खालचा पाव असे गेलो. एकूण 0.4 मिलिमीटर. आम्हाला तेवढंच पुरलं. ॲल्युमिनियम वाकायला तयार नसतं, जास्त उघडलं तर फटीच्या समोरच्या भिंतीला तडा जातो. तडा गेलेलं स्टेम परत वापरायचं नाही, मग ते कितीही नवं दिसो.

शेवटच्या पाव फेऱ्याला "टिक" असा बारीक आवाज आला आणि वाटीतलं तेल डोळ्यांसमोर खाली गेलं. फट उघडली होती.

आता गरम करायचं. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. आमच्या केसमध्ये ॲल्युमिनियम बाहेर आहे, म्हणून तापवल्यावर कडं मोठं होतं. 28.6 मिलिमीटरच्या नळीवर दोघांचं तापमान 65 अंशांनी वाढवलं तर फरक पडतो साधारण 0.02 मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण पुडीची पकड सैल करायला तेवढं खूप झालं. आणि कडं पटकन तापलं, नळी अजून थंड आहे, तेव्हा फरक याहून जास्त असतो. म्हणून तापवलं की लगेच फिरवायचं. पाच मिनिटं थांबलात तर आतली नळीही तापते आणि फायदा कमी होतो.

हेच उलटं असेल, म्हणजे ॲल्युमिनियमची सीटची नळी स्टीलच्या फ्रेममध्ये अडकली असेल, तर दोन्ही एकत्र तापवल्याने ती उलट घट्ट बसते. तापवण्याआधी बाहेर कोण, आत कोण हे बघाच.

मी अतिशहाणा, शेडमधला गॅसचा छोटा टॉर्च घेऊन आलो. स्टेमला तेल लागलेलं. ज्योत जवळ नेताच भक्क! सेकंदभर निळी-पिवळी आग, माझ्या हातावरचे केस गेले. मामांनी ओलं पोतं टाकलं. नशीब, डबा लांब होता. टॉर्चचा दुसरा धोका म्हणजे स्टेमचं ॲल्युमिनियम दीड-दोनशे अंशांच्या पुढे गेलं की त्याची ताकद कायमची कमी होऊ लागते. दिसायला तसंच दिसतं, पण आतून मऊ पडतं.

म्हणून मग साधा उपाय केला. तेल पुसलं, स्टेमभोवती जुना टॉवेल गुंडाळला आणि त्यावर किटलीतलं उकळतं पाणी हळूहळू ओतलं. पाणी 100 अंशांच्या वर जातच नाही, म्हणून धातूला धोका नाही. हाताला मात्र आहे, जाड हातमोजे घाला.

मिनिटभर ओतलं, टॉवेल काढला. मामांनी फोर्कचे दोन्ही पाय लाकडाच्या फळ्यांमध्ये धरले, चाक नाही. मी हँडल पिळलं. करकर आवाज आला आणि रेघ तुटली! जेमतेम 2 मिलिमीटर.

इथे उत्साहात एकाच दिशेने ओढायचं नाही. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा तेल. पूड दळली जाऊन बाहेर यायला हवी. वीसेक मिनिटं हेच. मग पिळता पिळता वर उचललं. आतून पांढरा आणि तांबडा चिखल निघाला. खालून फोर्कला कोणीतरी धरून ठेवा, कारण स्टेम निघाल्यावर फोर्क खाली सटकतो.

आणि नाहीच निघालं तर?

तर स्टेमचा बळी द्यायचा. साधं स्टेम काही शे रुपयांत मिळतं, फोर्क महाग असतो आणि तुमचे दात त्याहून महाग. स्टेमच्या कड्याला वरपासून खालपर्यंत हॅक्सॉने उभा काप द्यायचा, पण नळीच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबायचं. मग त्या कापात जाड स्क्रू-ड्रायव्हर घालून पिळायचा, उरलेली पातळ भिंत तडकते. नळीला ब्लेड लागू द्यायचं नाही. ॲल्युमिनियमच्या नळीवर आडवा ओरखडा पडला तर तिथूनच पुढे तडा जातो.

आणि तुमच्या फोर्कची नळी कार्बनची असेल तर यातलं काहीही घरी करू नका. पिळणं, तापवणं, फट ताणणं, काही नाही. दुकानात न्या.

तिसरा दिवस: ही नळी विश्वासाची आहे का?

स्टेम निघालं म्हणजे काम झालं असं मला वाटलं. मामा म्हणाले, "पोरगी यावर बसणार आहे. आधी नळी बघू." चांदबीबी महालाच्या उतारावर मी हीच सायकल सुसाट सोडायचो. उतारावर नळी तुटली तर हँडल हातात येतं आणि चाक त्याच्या मर्जीने जातं.

आम्ही फोर्क पूर्ण बाहेर काढला. नळी बारीक पॉलिश पेपरने घासली. व्हर्निअरने मोजली: चांगल्या भागात 28.6, गंजलेल्या भागात सगळ्यात कमी 28.5. म्हणजे झीज फार नाही. पण स्टेमची खालची कड जिथे येते तिथे टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे होते. नळीवर ताण जास्त येतो तो दोन ठिकाणी, स्टेमच्या अगदी खाली आणि तळाला, जिथे नळी फोर्कला जोडलेली असते. खड्डे नेमके पहिल्या ठिकाणी.

खड्डा आहे की तडा, हे डोळ्यांना कळत नाही. मग मामांनी कारखान्यातली जुनी पद्धत काढली. नळीला रॉकेल लावलं, पंधरा मिनिटं ठेवलं, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसलं आणि वर पांढऱ्या खडूची पूड चोळली. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली काळपट रेघ उमटते. खड्ड्यातून आलं तर ठिपका उमटतो. ठिपके चालतील, रेघ चालणार नाही.

दहा मिनिटं आम्ही दोघं त्या नळीकडे बघत बसलो. चार-पाच ठिपके आले, रेघ एकही नाही. रेघ आली असती तर फोर्क भंगारात, चर्चा नाही. आणि ही चाचणी फक्त पृष्ठभागावर उघडणारे तडे दाखवते, म्हणून खड्डा नखाला खोल लागत असेल किंवा नळी कुठे वाकलेली दिसत असेल, तर रेघ नसली तरी फोर्क बदला.

परत बसवताना

नव्या बेअरिंगला ग्रीस, आणि स्टीलच्या नळीवरही ग्रीसचा हात, पण नंतर पुसून फक्त चमक राहील इतकाच. जास्त झालं तर स्टेम घसरतं. आधी टॉप कॅप आवळायची, इतकीच की हँडल सहज फिरेल पण पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली तर टकटक होणार नाही. मग हँडल चाकाशी सरळ करायचं आणि शेवटी मागचे बोल्ट आलटून पालटून आवळायचे. किती, ते स्टेमवरच लिहिलेलं असतं. माझ्यावर 5 न्यूटन-मीटर होतं. म्हणजे 10 सेंटिमीटर लांब कीच्या टोकाला साधारण 5 किलोचा जोर. बोटांचा जोर पुरतो, मनगट लावायची गरज नाही.

आता बहिणीला एकच नियम सांगितलाय. दर पावसाळा संपला की स्टेम काढायचं, पुसायचं, परत लावायचं. पंधरा मिनिटं लागतात. आणि मधल्या काळात स्टेमच्या खालच्या कडेला पांढरी पूड दिसली, तर मला लगेच फोन.

परवा तिचा फोन आला. मी घाबरून विचारलं, "पांढरं दिसलं का?" म्हणाली, "नाही रे दादा, पंक्चर झालीये."

चला, पंक्चरचा एपिसोड पुन्हा कधीतरी. तोवर तुमच्यापैकी जे घरात ट्रेनरवर सायकल चालवतात, त्यांनी आज स्टेमवर एक टॉवेल टाका. भेटू पुढच्या भागात!